पाच काठ्यांची पट्टी

बाबाजीनं कलिंगडाच्या वेलाखाली विळा घातला आणि उपसला. वेल मुळासकट वर आला. त्याला लागलेली दोन फळं चिखलावर आपटून फुटली. पिकायला अजून वेळ होता, आत सगळं पांढरंच होतं.

"ही केरबाची काठी," तो म्हणाला. "केरबाला परत."

"मला नको," केरबा म्हणाला. "मी दिलीया ती."

"तुला कोण इचारतंय?"

बाबाजीच्या मागं त्याचे दोघे पुतणे होते आणि गाळाची वाटणी बघणाऱ्या कमिटीची पाच-सहा माणसं होती. सगळ्यांच्या हातात विळे. एका पुतण्याच्या खांद्यावर मोजायचा बांबू होता. दुपारची वेळ. धरणाचं पाणी खाली खाली गेलेलं आणि वरचा गाळ तडकून त्याच्या खपल्या झालेल्या.

माझी बायको अनुसया कमरेवर हात ठेवून उभी होती. ती हसली.

"बाबाजीभाऊ," ती म्हणाली, "येल उपटलास त्यो माझा. घाम माझा. जागा केरबाची व्हती म्हणतोस, तर केरबा म्हणतोय नको. मग ह्यात तुझं काय हाय?"

"नेम हाय."

"मग नेमाला सांग कलिंगडं खायला."

दोघेतिघे हसले. बाबाजी हसला नाही. त्यानं दुसऱ्या वेलाखाली विळा घातला.

हे कसं झालं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर बाबाजी नुसता गुंड वाटेल. तो गुंड नव्हता.

आमचं गाव धरणात गेलं. जुन्या गावात पाटलाच्या घराकडं अर्धं शिवार होतं. भरपाई जमिनीच्या हिशेबानं मिळाली, त्यामुळं पाटील शहरात बंगला बांधून राहिला आणि आम्हा बिनजमिनीच्यांना माळावर पत्र्याची खोपटं मिळाली. धरणाचं पाणी माघात हटायला लागतं आणि काठाचा गाळ उघडा पडतो. तो गाळ आम्हाला कसायला मिळावा म्हणून बाबाजी आणि त्याचा धाकटा भाऊ नामा सरकारशी भांडले. मोर्चा झाला, लाठ्या चालल्या. नामाच्या डोक्यात बसली, तो तिसऱ्या दिवशी गेला. वर्षभरानं गाळ आम्हाला मिळाला. आमचं जे गेलं होतं त्याच्या बदल्यातच मिळाला, तेव्हा तो आमचा होता याबद्दल कोणाला शंका नव्हती.

वाटणी कशी करायची ते बाबाजीनं ठरवलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. प्रत्येक घराला पाच काठ्या रुंदीची पट्टी. काठी म्हणजे तो बांबू, दोन पुरुष लांब, बाबाजीनं स्वतः कापलेला. पट्टी बांधापासून पाण्यापर्यंत, पाणी जसं हटेल तशी लांब होत जाणार. कोणाची पट्टी कुठं, ते दरवर्षी नव्यानं ठरायचं. प्रत्येक घरानं आपली एक खूण घागरीत टाकायची, कोणी बांगडी, कोणी सुपारी, कोणी बैलाचं घुंगरू. एकेक निघेल तशी पट्टी. हद्दीवर निरगुडीचे फोक, बारीक सरळ फांद्या, रोवायचे. वरच्या टेकडीवरून बघितलं की सगळ्या पट्ट्या सारख्या दिसायच्या. बाबाजी संध्याकाळी टेकडीवर जाऊन उभा राहायचा. नामासाठी, असं लोक म्हणायचे.

आता अनुसयाचं. ती नकला करायची. बुडालेल्या गावातलं एकही माणूस तिच्या तोंडातून सुटलं नव्हतं. केरबाचा बाप म्हशीशी अहोजाहो करायचा आणि बायकोला मात्र हाड म्हणायचा. शाळेतले जोशी मास्तर "ग" आला की अडकायचे आणि गणपतीच्या आरतीला घामाघूम व्हायचे. तेलीण आजी संध्याकाळी कोंबड्यांना नावं घेऊन हाका मारायची, आणि एक कोंबडी आली नाही की शेजारणीचा उद्धार करायची. अनुसयानं तोंड उघडलं की ती सगळी माणसं तिथं यायची. अंगात येतंय म्हणून कोणी पाया पडायला लागलं तर ती चिडायची. "उठ की. माझ्या अंगात कुणी येत न्हाई. मला त्यांचं बोलणं येतंय, एवढंच."

दिवस मावळताना लोक आमच्या खोपटासमोर जमायचे. आधी हसायचे, मग रडायचे, मग पुन्हा हसायचे. गावाला देऊळ राहिलं नव्हतं, पार राहिला नव्हता. हे होतं.

एका वर्षी वाटणी झाल्यावर केरबा म्हणाला, "अनुसयावैनी, तू माझ्या बाला परत आणलंस. माझ्या पाचातली एक काठी औंदाच्या सालाला तुझी." ती नको नको म्हणाली. त्यानं निरगुडीचा फोक उपटला आणि एक काठी आत रोवला. दुसऱ्या दिवशी तेलिणीच्या नातीनं एक दिली. मग दिवसाआड कोणी ना कोणी. सगळ्यांनी नाही दिली, ज्यांना वाटलं त्यांनी दिली. आम्ही दोघांनी त्या साऱ्या सुट्या काठ्यांमध्ये कलिंगड लावलं. हंगाम संपला तेव्हा आमच्याकडं इतर कोणाहीपेक्षा जास्त माल निघाला. टेकडीवरून बघितलं तर पट्ट्या सारख्या दिसत नव्हत्या.

पुढच्या वर्षी घागरीतून खुणा निघाल्या, सगळं परत पाच-पाच झालं, आणि बाबाजीनं नेम काढला. काठी कुणाला द्यायची नाही.

लोकांनी काठी दिली नाही. त्यांनी आपल्या पट्टीत एक काठी लावली, वेल सांभाळले आणि फळं अनुसयाच्या दारात आणून ठेवली. बाबाजीनं नेम काढला, फळ द्यायचं नाही. मग बायका भल्या सकाळी आमच्या पट्टीत येऊन खुरपून जायला लागल्या. नेम निघाला, दुसऱ्याच्या पट्टीत राबायचं नाही. मग केरबानं आमच्या खोपटाच्या पत्र्यावर गवत शाकारून दिलं. शाकारणीचा नेम कुणी काढणार? तोही निघाला. एक भोक बुजवलं की दुसरीकडं पाणी. शेवटी बाबाजीचे पुतणे दारोदार बघत फिरायला लागले, कोण कुणाला काय देतंय. शेजारणीनं शेजारणीला वाटीभर ताक दिलं तरी विचारायचे, कशाबद्दल?

तेव्हा बांधावर बैठक झाली. अनुसया मधोमध जाऊन बसली.

"बाबाजीभाऊ, एक सांग. घागरीतनं खुणा निघाल्या, समद्यांना पाच-पाच आल्या. ते न्यायाचं व्हतं?"

"व्हतं."

"केरबाच्या पाच त्याच्या व्हत्या?"

"त्याच्याच."

"त्यातली एक त्यानं मला दिली. दाबून घेतली का मी? फसवून घेतली?"

"न्हाई."

"ज्यानं दिली न्हाई, त्याचं काय कमी झालं? त्याच्या पाच व्हत्या, पाचच ऱ्हायल्या. मग पहिली वाटणी न्यायाची, त्यातनं पुढं जे झालं ते समद्यांच्या राजीखुशीनं झालं. अन्याव मधेच कुठनं शिरला ते दाखव."

बाबाजी पुढं सरकला. "तुला पाच पुरत न्हाईत का?"

"पुरत्यात. केरबालाबी पुरत्यात. पर त्याला दिल्यास कशाला? नुसतं खायला? त्याच्या म्हणून दिल्यास आन् दुसऱ्याला देऊ नको म्हणतोस. तर मग त्या त्याच्या न्हाईत. तुझ्याच हायेत, त्यो नुसता राखण्या."

कोणीतरी "खरंय" म्हणालं. केरबाची बायको सुभद्रा मात्र उठली.

"खरं कसलं?" ती म्हणाली. "ह्यानं बाचं बोलणं ऐकायला काठी दिली. मला इचारलं व्हतं का? त्या साली माझ्या पोरांच्या कालवणात कांदा कमी पडला, त्यो कुणी कमी केला?"

केरबा खाली बघायला लागला. अनुसया म्हणाली, "ते तुझं आन् केरबाचं भांडाण हाय, सुभद्रा. तू नको म्हण, मी पुन्यांदा त्याची काठी घेत न्हाई." आणि पुढच्या हंगामात केरबानं बायकोला विचारूनच दिली. सुभद्रानं तोंड वाकडं करून हो म्हटलं.

बाबाजी उभा राहिला. "पाटलाचं घर असंच मोठं झालं," तो म्हणाला. "माझा आजा सांगायचा. पहिल्यांदा लोकांनी खुशीनंच दिलं त्याला. तंटे मिटवायचा, म्हणून. मग त्याच्याकडं जास्त झालं. मग ज्याच्याकडं कमी त्याला पाटलाच्या रानात राबायला जावं लागलं. मग त्यो म्हणंल ते. तवा खुशी कुठं ऱ्हायली, अनशे? आज तू चांगली हायेस. तुझ्या मागनं कोण?"

"पाटलानं जे दांडक्यानं घेतलं ते हिसकून परत घ्यायलाच पायजे व्हतं. सरकारकडनं गाळ घेताना मीबी आले व्हते की मोर्चाला. मी कुणाचं तसं घेतलं असंल तर सांग, हितंच सोडते. पर तू टेकडीवरनं बघतोस, कुणाची रुंद, कुणाची अरुंद. ती तशी कशी झाली ते टेकडीवरनं दिसत न्हाई."

"आन् उद्या कुणी तुझ्या रानात पोटासाठी राबायला आलं तर?"

अनुसया उठली आणि लुगड्याची माती झटकली. घरी येताना मला म्हणाली, "अवं, त्याचं तेवढं खरं हाय बगा. पर त्यावर त्याला नेमाचं एकच औषिध सुचतंय, आन् ते रोज पाजावं लागतंय." मला त्या वेळी नीट कळलं नव्हतं.

मी तिला एकदा विचारलं होतं की तू नामाची नक्कल का करत नाहीस. लोक मागायचे. नामा सगळ्यांचा लाडका होता. ती म्हणायची, "नामाचं बोलणं बाबाजीचं हाय. त्यानं मागितलं तर करीन. दुसऱ्या कुणाला न्हाई." बाबाजी कधी मागायला आला नाही. पण आमच्या खोपटापलीकडं पाणी उपसायच्या इंजिनची टपरी होती, तिच्या आडोशाला रोज अंधार पडला की एक विडी पेटलेली दिसायची. अनुसयाला ती दिसायची. मलाही दिसायची. आम्ही कोणाला सांगितलं नाही.

तर त्या दुपारी. त्या वर्षी लोकांनी नेम मोडून पुन्हा काठ्या दिल्या होत्या, आणि कमिटी त्या परत घ्यायला आली होती.

बाबाजीनं तिसरा वेल उपटला तेव्हा केरबानं त्याचं मनगट धरलं. "बास झालं," केरबा म्हणाला. थोरल्या पुतण्यानं बांबू जमिनीवर टाकला आणि केरबाच्या कानशिलात विळ्याची मूठ मारली. केरबा गुडघ्यावर बसला. कान फाटून लोंबत होता. त्यानं हात लावला, हाताकडं बघितलं आणि ओरडत पुतण्याच्या पायांवर झेपावला. दोघे गाळात लोळले.

मग सगळेच मारामारीत पडले. आमच्या बाजूचे लोक वरून धावत आले, कोणी खुरपं घेऊन, कोणी नुसतंच. कोण कुणाला मारतंय ते कळत नव्हतं. लोकांचे पाय कलिंगडांवर पडून फळं फुटत होती. मी कुदळीचा दांडा धाकट्या पुतण्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला आणि मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही. लगेच कोणीतरी माझ्या हातावर दगड घातला. मनगट मोडलं. ते आजही पुरतं वळत नाही. तेलिणीच्या नातवाच्या दंडावर विळा बसला होता, तो दंड दाबून बसला होता आणि "आई, आई" म्हणत होता. आणि ज्यांनी काठी दिली होती आणि ज्यांनी दिली नव्हती, ते सगळे गाळानं माखून सारखेच दिसत होते.

बाबाजीनं जमिनीवर पडलेला बांबू उचलला आणि दोन्ही हातांनी फिरवायला लागला. त्याच्यासमोर कोणी टिकत नव्हतं. केरबा उठायला गेला तसा बाबाजीनं बांबू त्याच्यावर उगारला.

तेव्हा अनुसया दोघांच्या मध्ये गेली. तिनं दोनदा घसा खाकरला.

नामा बोलायच्या आधी दोनदा घसा खाकरायचा. ते ऐकून सगळेच थांबले. मीही थांबलो.

"बाबल्या," नामा म्हणाला. तिच्या तोंडून, पण नामाच म्हणाला. "आरं, किती मोजशील?"

बाबाजीचा चेहरा मी बघितला. जसा माणूस झोपेतून उठल्यावर दिसतो, तसा. त्यानं बांबू खाली आणला. तिनं अजून काहीतरी म्हटलं, "ठेव की खाली," असं असावं, मला पूर्ण ऐकू आलं नाही, कारण बांबू खाली येताना थांबला नाही, तिच्या डोक्यावर बसला.

आवाज मोठा नव्हता. नारळ फोडल्यासारखा नव्हता, काही नव्हता. ती बसली. मग आडवी झाली. तिच्या डोक्याखालचा गाळ काळा व्हायला लागला.

मी तिच्याजवळ गेलो. मोडलेल्या हातानं तिला उचलता येईना. बाबाजी तिच्यासमोर उकिडवा बसला. बांबू त्याच्या हातात नव्हता.

"अनशे," तो म्हणाला. "अनशे, नामाचं बोल."

तिचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडं बघत होती, त्याच्याकडं नाही.

"बोल की गं. एकदा बोल. माझी पट्टी घे. पाचबी काठ्या घे. औंदा घे, पुढल्या सालाला घे, दरसाल घे. समदी घे. एकदा बोल."

तो तिचा हात धरून हलवत होता. केरबानं त्याला मागं ओढलं. मी त्याला मारू शकलो असतो. माझ्या उजव्या बाजूला विळा पडला होता. मी तो उचलला नाही. तो काय म्हणतोय ते मला ऐकू येत होतं, म्हणून उचलला नाही.

ती तालुक्याला नेताना ट्रॅक्टरमध्येच गेली. शेवटी काही बोलली नाही, ना स्वतःच्या आवाजात, ना कुणाच्या.

बाबाजी आपणहून पोलिसात गेला. त्याला शिक्षा झाली, मी साक्ष दिली, जे बघितलं ते सांगितलं. कमिटी मोडली. गाळाची वाटणी अजूनही घागरीतून होते, पाच-पाच काठ्याच पडतात, पण त्यानंतर कोण कुणाला काय देतंय ते कोणी बघत नाही. काही घरांची रुंद झाली. एका घराची इतकी रुंद झाली की आता त्यांच्याकडं माणसं मजुरीला जातात. तेव्हा मला बाबाजी आठवतो. पण मग तो बांबूही आठवतो.

संध्याकाळी आमच्या खोपटासमोर कोणी जमत नाही. बुडालेलं गाव तेव्हाच दुसऱ्यांदा बुडालं.

बरीच वर्षं झाली. केरबाही गेला. यंदा घागरीतून माझं घुंगरू आणि सुभद्राची बांगडी लागोपाठ निघाली, म्हणून आमच्या पट्ट्या शेजारी आल्या. परवा मी पाण्याकडून वर येत होतो. पाय गाळानं भरले होते. सुभद्रा तिच्या पट्टीत खाली मान घालून खुरपत होती.

"अवं, पाय धुऊन या की! का समदं धरणच घरात आणताय?"

मी जागीच उभा राहिलो. ते सुभद्राचं बोलणं नव्हतं. शेवटचा शब्द वर उचलायची ती ढब, "आणताय" मधला तो ओढलेला "ता". रोज संध्याकाळी मला असंच दारातून ओरडायची अनुसया.

सुभद्रानं मान वर केली. ती लाजली होती. "न्हाई जमत नीट," ती म्हणाली. "तिच्यावर लई जळायचे मी, भावजी. जळता जळता ध्यानात ऱ्हायलं."

"पुन्हा म्हण."

"अवं, पाय धुऊन..."

"अजून एकदा."

तिनं म्हटलं. तिसऱ्यांदा जास्त चांगलं जमलं.

मी आमच्या हद्दीवरचा निरगुडीचा फोक उपटला. तो बांबू आता नाही, वाटणी दोरीनं होते; मी अंदाजानं पावलं टाकली आणि एक काठी माझ्या बाजूला येऊन फोक रोवला.

"हे काय करताय?" सुभद्रा म्हणाली. "मी कुठं मागितलं?"

"तिनंबी कुठं मागितलं व्हतं?"

वर बांधावर बाबाजी बसला होता. तुरुंगातून सुटल्यापासून तो तिथं बसतो. म्हातारा झालाय, टेकडी चढवत नाही. त्यानं सुभद्राचं बोलणं ऐकलं होतं आणि फोक सरकताना बघितला होता. आमची नजर एक झाली. त्यानं खिशातून विडी काढली आणि पेटवली.

मी टाचेनं फोकाभोवतीचा गाळ दाबून घट्ट केला.